एअरफायबरच्या बॉक्सला घरात सिग्नल कमी मिळतोय? योग्य जागा अशी शोधा

ज्यांच्या घरी आधी फायबरचं कनेक्शन होतं, ते एअरफायबरचा बॉक्सही सवयीने त्याच जागी ठेवतात: हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटवर किंवा त्याच्या कप्प्यात. फायबरसाठी ती जागा योग्यच होती, कारण इंटरनेट तारेतून थेट बॉक्सपर्यंत येत होतं आणि तिथून फक्त वायफाय घरभर पसरवायचं होतं. एअरफायबरमध्ये मात्र तार नाही. बॉक्सला आधी बाहेरच्या टॉवरचा सिग्नल पकडायचा असतो आणि मग तो घरात वाटायचा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींसाठी एकच जागा चांगली असेल असं नाही. म्हणून जागा ठरवताना आधी टॉवरचा विचार करा. घरात वायफाय कसं पोचवायचं ते नंतर पाहता येतं.

हा लेख घरात ठेवायच्या बॉक्ससाठी आहे. तुमच्याकडे गच्चीवर किंवा गॅलरीच्या बाहेर वेगळं युनिट बसवलेलं असेल, तर टॉवरशी ते युनिट बोलतं. घरातला राउटर हलवून टॉवरच्या सिग्नलमध्ये काहीच फरक पडणार नाही.

आधी दुखणं नक्की कुठलं ते ओळखा

लॅपटॉप लॅन केबलने थेट बॉक्सला जोडा आणि स्पीड तपासा. केबल नसेल तर फोन घेऊन बॉक्सपासून हातभर अंतरावर उभे राहा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर असल्याची खात्री करा. इथे वेग चांगला आणि आतल्या खोलीत वाईट असेल, तर टॉवरचा सिग्नल ठीक आहे, अडचण वायफायची आहे. बॉक्सच्या शेजारीच वेग रडत असेल तर पुढे वाचा.

आणखी एक गोष्ट तपासा. सकाळी उत्तम चालणारं नेट रात्री ९च्या सुमाराला मंदावतं, पण सिग्नलचे आकडे दोन्ही वेळी तेच असतात, असं दिसलं तर त्या टॉवरवर गर्दी आहे. खिडकी बदलून ती गर्दी कमी होत नाही. प्लॅनमधला डेटा संपल्यावरही वेग कमी केला जातो, तेव्हा कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा आधीच बघून घ्या.

दांड्या नको, आकडे वाचा

बॉक्सवरचे दिवे किंवा ॲपमधल्या दांड्या ढोबळ असतात, त्यावरून दोन खिडक्यांमधला फरक कळत नाही. त्यासाठी बॉक्सचं सेटिंगचं पान उघडा. त्याचा पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा बॉक्सच्या खाली चिकटवलेला असतो. नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
ipconfig
```

`Default Gateway` समोर जो क्रमांक येईल (उदाहरणार्थ `192.168.1.1`) तो ब्राउझरमध्ये टाका. आत गेल्यावर मोबाइल नेटवर्कच्या माहितीत तीन गोष्टी शोधा.

`RSRP` म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय. हा आकडा उणे असतो, म्हणून उणे ९० हे उणे ११० पेक्षा चांगलं. १० अंकांचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, त्यामुळे चार-पाच अंकांची सुधारणाही मोलाची असते. साधारण उणे ९५ किंवा त्याहून चांगला आकडा मिळाला तर समाधान माना. उणे ११०च्या खाली गेलात की त्रास ठरलेला.

`SINR` म्हणजे बाकीच्या गोंगाटाच्या तुलनेत हवा असलेला सिग्नल किती. इथे आकडा जितका मोठा तितकं बरं: २०च्या वर उत्तम, १०च्या वर ठीक, शून्याजवळ असेल तर सिग्नल जोरात येऊनही उपयोग नाही. माझ्या मते घरात जागा शोधताना याच आकड्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि खरं तर निर्णय यावरच करायला हवा.

तिसरी गोष्ट `Band`. भारतात ५जीचा मोठा वेग मुख्यतः `n78` या पट्ट्यावर, म्हणजे ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या आसपास मिळतो. जिओकडे याशिवाय `n28` हा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे. तो भिंती सहज भेदतो, पण त्यात कंपनीकडे फक्त १० मेगाहर्ट्झची रुंदी आहे, तर `n78` मध्ये १००. त्यामुळे घराच्या आत दांड्या भरलेल्या आणि वेग मात्र कमी, असं दिसलं तर बॉक्स `n28` वर गेला आहे का ते आधी बघा.

हे पानच उघडत नसेल तर त्याच कंपनीचं ५जी सिम असलेला अँड्रॉइड फोन वापरा. डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाकलं की बऱ्याच फोनवर सिग्नलची माहिती उघडते. फोनचा अँटेना लहान असतो, म्हणून त्याचा आकडा बॉक्सच्या आकड्याशी जुळणार नाही. पण कुठली खिडकी कुठल्या खिडकीपेक्षा बरी, एवढं त्यावरून नक्की कळतं.

भिंत किती सिग्नल खाते

मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेच्या सूत्रानुसार ३.५ गिगाहर्ट्झचा सिग्नल काँक्रीटच्या भिंतीतून जाताना सुमारे १९ डेसिबलने घटतो, म्हणजे ऐंशीवा भाग उरतो. साध्या काचेत तो जेमतेम ३ डेसिबलने घटतो, म्हणजे निम्मा सिग्नल आत येतो. उष्णता परतवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या काचेत मात्र तो २४ डेसिबलच्या आसपास घटतो, म्हणजे ती काँक्रीटपेक्षाही वाईट. जागा शोधण्याचं सगळं मर्म या तीन आकड्यांत आहे.

नवीन मायवान पद्धतीच्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. तिथे बॉक्स खिडकीपासून एक खोली आत सरकवला की `n78` जवळजवळ गेलाच म्हणायचा. जुन्या विटांच्या घरात परिस्थिती बरी असते, पण खांब आणि तुळयांमागची जागा टाळावी. खिडकीवर आरशासारखी चमकणारी फिल्म लावली असेल तर काच बंद आणि उघडी ठेवून दोन्ही आकडे घ्या, फरक लगेच दिसेल. लोखंडी कपाट, फ्रीज, स्टीलची जाळी, गॅलरीवर उतरवलेला पत्रा यांच्या आड बॉक्स ठेवू नका. पत्र्याच्या छपराच्या घरात वरून काहीच येत नाही, तिथे टॉवरच्या दिशेची खिडकी किंवा दार हाच मार्ग.

टॉवरची दिशा

दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या परिसरातले टॉवर नकाशावर दिसतात. त्यावरून कुठल्या बाजूच्या खिडक्या आधी तपासायच्या ते ठरवा. पण सर्वांत जवळच्या टॉवरलाच बॉक्स जोडला जाईल असं गृहीत धरू नका. मधे उंच इमारत असेल तर लांबचा, पण सरळ दिसणारा टॉवर बरा पडतो. शेवटी मोजमाप काय सांगतं ते महत्त्वाचं.

आता प्रत्यक्ष फिरा

लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि बॉक्स एकेका खिडकीजवळ न्या. वीज बंद-चालू झाली की बॉक्सला नेटवर्क पकडून स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबूनच आकडे वहीत लिहा. खिडकीच्या चौकटीजवळ आणि जमिनीपासून छातीच्या उंचीवर सुरुवात करा. मग बॉक्सचं तोंड थोडं थोडं फिरवून बघा, कारण काही बॉक्सचे अँटेना एकाच बाजूला जास्त ऐकतात. हातभर सरकवल्यावरही पाच-सहा डेसिबलचा फरक पडू शकतो. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एके ठिकाणी एकमेकींना मारतात, दुसऱ्या ठिकाणी साथ देतात.

नाशिकला मावशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असंच मोजमाप केलं होतं. टीव्हीच्या युनिटमध्ये `RSRP` उणे ११२, `SINR` ३ आणि वेग ३० एमबीपीएसच्या आसपास. बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीत `RSRP` एकदम उणे ८९ झाला, सगळ्यांना वाटलं जागा सापडली. पण `SINR` ६वर अडकला आणि वेग ७०च्या पुढे जाईना. स्वयंपाकघराच्या गॅलरीच्या दाराशी `RSRP` उणे ९६, म्हणजे कमी, पण `SINR` १८ आणि वेग १५०च्या वर.

कारण सेटिंगच्या पानावर दिसत होतं. बेडरूमच्या खिडकीत `PCI` हा क्रमांक थोड्या थोड्या वेळाने बदलत होता. प्रत्येक टॉवरच्या प्रत्येक दिशेच्या अँटेनाला असा क्रमांक असतो. त्या खिडकीतून दोन टॉवर जवळजवळ सारख्याच जोरात येत होते आणि एकाचा सिग्नल दुसऱ्यासाठी गोंगाट ठरत होता. गॅलरीच्या बाजूला आपल्याच इमारतीने त्यातला एक अडवला होता. ही इमारतीची आड अशा वेळी फायद्याची ठरते, म्हणून दोन टॉवरच्या कचाट्यात सापडलात तर खिडकीच्या कोपऱ्यात सरकून नको असलेल्या टॉवरच्या बाजूला भिंत येईल अशी जागा बघा.

निवडलेल्या जागी एकदा सकाळी आणि एकदा रात्री आकडे घ्या आणि मगच बॉक्स पक्का ठेवा.

जागा सापडली, पण वायफाय आत पोचत नाही

मावशीकडेही हेच झालं, गॅलरीतून पुढच्या बेडरूमपर्यंत वायफाय येईना. अशा वेळी बॉक्स परत आत आणण्याचा मोह टाळा. बॉक्सच्या लॅन पोर्टमधून कॅट-सिक्स केबल हॉलपर्यंत ओढा आणि तिथे साधा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात लांबीची चिंता नाही. वायरलेस एक्स्टेंडरपेक्षा केबल नेहमी बरी, कारण त्यात मधला वेग गळत नाही.

खिडकीत ठेवताना दोन गोष्टी सांभाळा. घरातला बॉक्स पावसाच्या सरीत भिजता कामा नये, त्याला बाहेरच्या युनिटसारखं संरक्षण नसतं. आणि पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्याच्या दुपारी ऊन थेट पडत असेल तर बॉक्स तापून वेग कमी करतो किंवा बंद पडून पुन्हा चालू होतो. दुपारीच त्रास होत असेल तर बॉक्सला हात लावून बघा आणि फूटभर सावलीत सरकवा.

सगळ्या खिडक्या तपासूनही आकडे वाईटच

कुठेही `RSRP` उणे ११०च्या वर येत नसेल, किंवा `SINR` पाचच्या आतच राहत असेल, तर घरात जागा शोधत बसण्यात अर्थ नाही. कंपनीकडे बाहेर बसवायच्या युनिटची मागणी करा. ते गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर बसतं, भिंतींचा अडसर टळतो आणि एकाच केबलमधून त्याला वीजही मिळते. सोसायटीत राहत असाल तर गच्चीवर बसवण्याची आणि केबल खाली उतरवण्याची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा.

तंत्रज्ञ आल्यावर "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. कुठल्या खिडकीत, किती वाजता, `Band`, `RSRP`, `SINR` आणि वेग किती होता ती वही त्याच्या पुढे ठेवा. गच्चीवर युनिट लावण्याआधी त्याला तिथेही हेच आकडे दाखवायला सांगा आणि ते तुमच्या सर्वांत चांगल्या खिडकीपेक्षा स्पष्टपणे बरे असतील तरच भोक पाडू द्या.