गॅमा किती ठेवायचा? वेरूळच्या अंधारातल्या फोटोवरून

आमच्याकडे प्रोजेक्टसाठी येणारी पोरं फोटो उजळ किंवा गडद करणाऱ्या गॅमाचं सूत्र बहुतेक वेळा पाठ करूनच येतात. पण फोटो समोर ठेवला की 0.5 टाकतात, मग 0.4, मग 0.6, आणि डोळ्यांना बरं वाटेल तिथं थांबतात. एकच फोटो असेल तर हे खपतं. लेण्यांच्या दस्तऐवजीकरणासारख्या कामात फोटो ढिगानं असतात आणि संध्याकाळपर्यंत डोळेही थकलेले असतात. तिथं आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे.

उदाहरणाला वेरूळचं दहाव्या क्रमांकाचं लेणं घेऊ. हे चैत्यगृह आहे. छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या, आत स्तूप आणि स्तूपासमोर बसलेली बुद्धमूर्ती. उजेड येतो तो फक्त दारातून आणि वरच्या खिडकीतून. फ्लॅशशिवाय आतून फोटो काढला आणि चौकटीत खिडकीची कड आली, की कॅमेरा खिडकीला सांभाळतो आणि मूर्तीला अंधारात सोडतो. ग्रेस्केल केलेल्या अशा एका फोटोत मूर्तीच्या चेहऱ्याचे पिक्सेल 31 च्या आसपास होते, खांब 60 च्या, स्तूपामागचा कोपरा 8 च्या आणि खिडकी सरळ 255, म्हणजे पूर्ण पांढरी.

पहिला प्रश्न असा की आकडा कशावरून काढायचा. पूर्ण फोटोच्या सरासरीवरून काढू नका. खिडकीचे पिक्सेल थोडेच असले तरी 255 चे असतात, ते सरासरी वर ओढतात आणि फोटो आहे त्यापेक्षा उजळ असल्याचा भास होतो. मध्यक जास्त भरवशाचा, पण तोही पूर्ण फोटोचा नको. ज्या भागासाठी फोटो काढलाय, त्या भागाभोवती चौकोन आखा आणि तिथला मध्यक घ्या. आपल्या फोटोत तो 31. आता हा 31 कुठं न्यायचा ते ठरवा. सवयीनं सगळे 128 म्हणतात. मला ते पटत नाही. छायाचित्रकार वापरतात ते 18 टक्क्यांचं राखाडी कार्ड नेहमीच्या स्क्रीनवरच्या फाइलमध्ये साधारण 118 ला येतं, आणि आपला बेसॉल्ट त्या कार्डापेक्षा काळा. म्हणून मी 105 धरतो. मूर्ती नीट दिसते आणि दगड दगडच वाटतो, सिमेंटचा वाटत नाही.

गॅमाचं सूत्र 0 ते 1 या पट्टीत `s = r^γ` असं आहे, r म्हणजे पिक्सेलची मूळ पातळी आणि s म्हणजे नवी. सुरुवात आणि शेवट दोन्ही माहीत असतील तर γ सरळ बाहेर येतो:

```
γ = log(105/255) / log(31/255) = 0.42
```

लॉगचा पाया कुठलाही घ्या, भागाकारात तो उडून जातो. कोडही एवढंच, त्यातले y1, y2, x1, x2 म्हणजे आखलेल्या चौकोनाच्या कडा, त्या आधी आपल्या फोटोप्रमाणे भरायच्या:

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("lene10.png", cv2.IMREAD_GRAYSCALE)
m = np.median(g[y1:y2, x1:x2])
gamma = np.log(105/255) / np.log(m/255)
x = np.arange(256) / 255.0
lut = np.round(255 * x**gamma).astype(np.uint8)
out = cv2.LUT(g, lut)
```

पूर्ण फोटोवर घात काढत बसायची गरज नाही. पातळ्या 256 च आहेत, तेवढ्यांचा तक्ता एकदा करायचा आणि लावायचा. या तक्त्याचा दुसरा फायदा मोठा आहे: फोटो उघडण्याआधीच तो छापून बघता येतो. आपल्या तक्त्यात 8 चे 59 झाले, 31 चे 105, 60 चे 139. चेहरा आणि खांब यांच्यात 29 चा फरक होता, तो 34 झाला. ठीक आहे.

आता याच तक्त्याची सुरुवात बघा. 0 चा 0 राहतो, 1 चे होतात 25, 2 चे 33, 3 चे 39. म्हणजे मूळ फोटोत शेजारी असलेल्या दोन पातळ्यांमध्ये एकदम 25 ची दरी पडते. अगदी काळ्या कोपऱ्यात सेन्सरचा नॉइज 0 आणि 1 मध्येच हेलकावे खात असतो. मूळ फोटोत तो कुणाला दिसत नाही, गॅमानंतर तिथं राखाडी ठिपक्यांचा सडा पडतो. फाइल जेपेग असेल तर आठ बाय आठचे चौकोनही वर येतात. गणिताच्या भाषेत सांगायचं तर γ एकापेक्षा कमी असला की वक्राचा शून्यापाशी चढ अनंत असतो. γ कितीही जपून निवडला तरी हे टळत नाही.

इथं लोक लॉगकडे वळतात. पुस्तकी लॉग म्हणजे `s = c·log(1+r)`, r 0 ते 255, आणि नैसर्गिक लॉग घेतला तर c सुमारे 46. यात निवडायला काही उरतच नाही, कारण c फक्त वरचं टोक 255 ला बसवतो. आपल्या फोटोला तो लावला तर 8 चे 101, 31 चे 159, 60 चे 189. आमच्याकडच्या एका पोरीनं हे स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "सर, मूर्तीला चुना लावल्यासारखं दिसायलंय की." बरोबर बोलली. शिवाय पहिलीच पातळी 1 वरून 32 वर जाते. म्हणजे ज्या रोगावर औषध शोधत होतो तो वाढला.

नुसता लॉग कामाचा आहे तो वेगळ्या जागी. फूरिए स्पेक्ट्रम दाखवायचा असेल तेव्हा. 512 बाय 512 च्या, सरासरी 100 असलेल्या फोटोच्या स्पेक्ट्रमचा मधला आकडा 2 कोटी 62 लाखांच्या घरात जातो आणि कडेचे आकडे त्यापुढे नगण्य असतात. लॉग न घेता दाखवला तर काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसेल, बाकी काही नाही. आठ बिटांच्या साध्या फोटोत एवढी दरी नसतेच, म्हणून तिथं हा लॉग फार जोरकस पडतो.

पण लॉगला लगाम घालता येतो. r पुन्हा 0 ते 1 धरा आणि आत एक k घाला:

```
s = log(1 + k·r) / log(1 + k)
```

k म्हणजे किती जोरात. k = 255 ठेवला की तोच पुस्तकी लॉग परत मिळतो, k शून्याजवळ नेला की फोटो जवळजवळ आहे तसाच राहतो. γ सारखा k सूत्रानं सरळ निघत नाही, पण दोनचार आकडे घालून 31 ला कोण 105 जवळ नेतो ते लगेच कळतं. इथं k = 20 ला 103 येतात, तेवढं पुरे. या तक्त्यात सुरुवातीच्या पातळ्या 0, 6, 12, 18 अशा जातात. शून्यापाशी चढ साडेसहा पट आहे, अनंत नाही. 8 चे 41 होतात, त्यामुळं स्तूपामागचा कोपरा अंधारातच राहतो. 60 चे 146 होतात, म्हणजे चेहरा आणि खांब यांच्यात आता 43 चा फरक.

मग नेहमी लॉगच का नाही? कारण नॉइज कुठं बसलाय त्यावर ते ठरतं. दोन्ही वक्रांचे चढ मांडून बघा. पातळी 1 ला गॅमा फरक दहापट करतो, हा लॉग सहापट. पातळी 3 च्या आसपास दोघं सारखे होतात. पातळी 8 ला मात्र गॅमा तीनपट आणि लॉग चारपट. त्यामुळं काळा कोपरा 0 ते 2 मध्ये चिकटलेला असेल तर k वाला लॉग घ्यावा. कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवून काढलेला फोटो असेल आणि कोपरे 8–10 भोवती खरखरत असतील तर गॅमा बरा. तपासायला कुठलंही कोरीव काम नसलेला काळा तुकडा घ्या आणि त्याचं प्रमाण विचलन आधी आणि नंतर मोजा. शेजारच्या कोरीव रेषांचा कॉन्ट्रास्ट जेवढ्या पटीनं वाढला, त्यापेक्षा हे जास्त पटीनं वाढलं असेल तर जोर कमी करा, मूर्ती 105 ऐवजी 85 ला थांबली तरी चालेल.

फिक्या फोटोंचं गणित निराळं आहे. मे महिन्यात दुपारी पायथ्यावरून देवगिरीचा किल्ला टिपला तर धुरकटपणामुळं बालेकिल्ल्याच्या भागात 140 खाली काही नसतं आणि 235 वर काही नसतं. "फिका फोटो, γ मोठा" हे वाक्य ऐकून लोक 2, 3, 4 करत वर जातात. 140 ते 235 हा 95 चा पट्टा γ = 2 ला 140 चा होतो, 3 ला 157 चा, 4 ला 161 चा, आणि 5 ला परत 157 वर उतरतो. चारच्या पुढं जायचं कारणच उरत नाही. शिवाय 4 ला वरचं टोक 184 ला आलेलं असतं, म्हणजे किल्ल्याच्या मागचं आभाळ मळकट राखाडी.

इथं दुखणं उजेडाचं नाही, काळ्याच्या जागी काळं नसण्याचं आहे. धुक्यानं सगळ्यावर एक थर चढवलाय, आणि घात करून थर वजा होत नाही. आधी सरळ ताणून घ्या: 140 ला 0 आणि 235 ला 255. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा पिक्सेल न घेता खालच्या आणि वरच्या 1 टक्क्यावरची पातळी घ्या, नाहीतर एखादा खराब पिक्सेल सगळं बिघडवतो. समजा कड्याचा मध्यक 195 होता, तर ताणल्यावर तो 148 ला येतो. त्याला 120 ला न्यायला वरच्याच सूत्रानं γ = 1.38 निघतो. एवढाच. फिक्या फोटोला तीनच्या वरचा γ लागत असेल तर काळी पातळी काढायची राहिली आहे असं मी धरून चालतो. धुरकटपणा अंतराबरोबर वाढतो, त्यामुळं जवळचा चाँद मिनार आणि लांबचा बालेकिल्ला एकाच वक्रात बसत नाहीत. तिथं भागाभागानं काम करणाऱ्या क्लाहेसारख्या पद्धती लागतात.

कोडमध्ये एक खोड हमखास सापडते. फोटो `uint8` असताना `np.log(1 + g)` लिहिलं की 255 मध्ये 1 मिळवून 256 होत नाही, 0 होतो, आणि शून्याचा लॉग उणे अनंत. खिडकीच्या पांढऱ्या भागात काळे डाग दिसले की हेच समजायचं. आधी `g.astype(np.float64)` करा, किंवा वरच्यासारखा तक्ताच वापरा.

आणि दुसऱ्याच्या हातात नुसता γ देऊ नका. वरच्या सूत्रात आणि स्किकिट-इमेजच्या `adjust_gamma` मध्ये 0.42 म्हणजे उजळ. गिंपच्या लेव्हल्समध्ये आणि इमेजमॅजिकच्या `-gamma` मध्ये उलटं आहे, तिथं एकापेक्षा मोठा आकडा उजळ करतो. तोच परिणाम हवा असेल तर तिथं 1 भागिले 0.42, म्हणजे 2.38 द्यावा लागतो. म्हणून आमच्या नोंदीत आकड्याशेजारी "31 → 105" असंही लिहिलेलं असतं.