आर्किटेक्टच्या बिलात ‘प्रत्यक्ष खर्च’ लिहिताना होणाऱ्या चुका

नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ भागातल्या तीन-चार आर्किटेक्टांची हिशेबाची कामं मी बघतो. फीच्या आकड्यावरून वाद झालेला मी क्वचितच पाहिला आहे. भांडण होतं ते फीच्या खालच्या ओळीवरून: ‘इतर खर्च, प्रत्यक्षानुसार’. मागच्या वर्षी एका डॉक्टरांचा फोन आला. मनीषनगरात ते क्लिनिकची दुमजली इमारत बांधत होते. त्यांचा प्रश्न साधा होता. “अहो, महापालिकेची पावती माझ्या नावाची आहे. माती तपासणारे त्यांचे पैसे घेऊन गेले. मग त्या पैशांवर तुमच्या सरांना अठरा टक्के कर काहून देऊ मी?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते बिलच इथे उलगडून दाखवतो, कारण नेहमीच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात एकाच जागी होत्या.

बिलात फीचा हप्ता ३,००,००० रुपये होता. खाली चार खर्च होते: नकाशा मंजुरीचं शुल्क ८४,५००, माती परीक्षणाचे २३,६०० (मूळ २०,००० आणि त्यावर ३,६०० जीएसटी), नकाशांच्या प्रिंटचे ४,७२० (४,००० आणि ७२० जीएसटी) आणि साइटवर जाण्यायेण्याच्या टॅक्सीचे ६,०००. सगळ्यांची बेरीज ४,१८,८२०. त्यावर सरसकट १८ टक्के लावून ७५,३८७ रुपये ६० पैसे जीएसटी आणि एकूण ४,९४,२०७ रुपये ६० पैसे.

पहिली चूक बेरजेतच आहे. चारही खर्चांवर ‘प्रत्यक्षानुसार’ असं एकच लेबल असलं, तरी जीएसटीच्या नजरेत ते दोन वेगळ्या जातीचे आहेत. प्रिंट आणि टॅक्सी आर्किटेक्टने स्वतःचं काम पुरं करण्यासाठी वापरली. साइटला न जाता, नकाशे न छापता त्याची सेवाच देता आली नसती. असा आनुषंगिक खर्च ग्राहकाकडून वसूल केला की जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार तो सेवेच्या मूल्यातच मोजला जातो आणि त्यावर फीसारखाच १८ टक्के कर लागतो. ‘आम्ही त्यावर एक रुपयाही नफा घेतला नाही’ हे उत्तर इथे चालत नाही.

मंजुरीचं शुल्क मात्र मुळात प्लॉटमालकावर लागलेलं असतं. कार्यालय महापालिकेचं असो की नागपूर सुधार प्रन्यासचं, आर्किटेक्ट फक्त खिडकीवर किंवा पोर्टलवर ते भरून येतो. अशा पैशासाठी जीएसटी नियमावलीत नियम ३३ आहे, ‘प्युअर एजंट’चा. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या सांगण्यावरून त्रयस्थाला दिलेले आणि जसेच्या तसे परत घेतलेले पैसे सेवेच्या मूल्यातून वगळायचे, असा तो नियम. नियमातलं उदाहरण याच प्रकारचं आहे: कंपनी नोंदणीचं काम करणारी संस्था ग्राहकाच्या वतीने रजिस्ट्रारला फी भरते, आणि ती फी कायद्याने कंपनीवरच लागलेली असते.

पण ही सूट आपोआप मिळत नाही, आणि दुसरी चूक इथेच होते. ग्राहकाने आपल्याला त्याच्या वतीने खर्च करायला नेमलं आहे, हे करारात असावं लागतं आणि पैसे भरण्याआधी असावं लागतं. डॉक्टरांच्या नेमणूकपत्रात फक्त ‘इतर खर्च प्रत्यक्षानुसार वेगळा’ एवढंच होतं. या वाक्यावरून एजंटपणा सिद्ध होत नाही. आता मी प्रत्येक नेमणूकपत्रात एक ओळ टाकायला लावतो: “मंजुरी शुल्क, विकास शुल्क, माती परीक्षण यांचे पैसे मालकाच्या वतीने, मालकाच्या सूचनेनुसार आर्किटेक्ट भरेल. पावती व बिल मालकाच्या नावे असेल आणि तेवढीच रक्कम मालक परत देईल.” प्रत्येक वेळी पैसे भरण्याआधी मालकाचा होकार लेखी घ्यायचा आणि जपून ठेवायचा.

“तेवढीच रक्कम” यातला ‘च’ महत्त्वाचा. ८४,५०० भरले आणि बिलात सोयीसाठी ८५,००० लिहिले, किंवा धावपळीचे म्हणून त्यावर पाच टक्के चढवले, की नियमाची अट मोडली. धावपळीचा मोबदला हवा तर तो फीमध्ये धरा आणि त्यावर कर लावा. शुल्काची ओळ पावतीशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे.

माती परीक्षणाच्या बाबतीत सगळा खेळ बिल कोणाच्या नावाचं, यावर आहे. माझ्याकडे येणाऱ्या बिलांत सर्वांत जास्त पैसा चुपचाप गळतो तो इथे. प्रयोगशाळेने बिल डॉक्टरांच्या नावे केलं आणि आर्किटेक्टने फक्त २३,६०० भरले, तर तो २३,६०० जसेच्या तसे परत मागतो, वर कर लावत नाही. प्रयोगशाळेने बिल आर्किटेक्टच्या नावे, त्याचा जीएसटी क्रमांक घालून केलं, तर ती सेवा त्याने स्वतः घेतली असं होतं. मग ३,६०० रुपयांचं इनपुट क्रेडिट तो स्वतःच्या करातून वळतं करून घेतो. त्याला खर्च पडला २०,०००. त्याने ग्राहकाला २०,००० अधिक १८ टक्के, म्हणजे २३,६००च लावायला हवे. दोन्ही वाटांनी ग्राहकाचा आकडा एकच येतो.

आमच्या बिलात मात्र तिसरीच वाट धरली होती. क्रेडिटही घेतलं आणि २३,६०० हाच ‘खर्च’ धरून त्यावर आणखी १८ टक्के लावले. डॉक्टरांना तीच तपासणी २७,८४८ रुपयांना पडली. प्रिंटच्या ७२० रुपयांतही हाच प्रकार. क्रेडिट घेतलेला कर हा खर्च उरत नाही, त्यामुळे ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणून तो मागता येत नाही. तपासायचं असेल तर खर्चाचं बिल आणि त्या महिन्याचं GSTR-2B शेजारी ठेवा. बिल 2B मध्ये दिसत असेल आणि क्रेडिट घेतलेलं असेल, तर ग्राहकाला लावायची रक्कम कर वगळून हवी. टॅक्सीवर इथे क्रेडिट घेतलेलं नव्हतं, म्हणून ६,००० पूर्ण.

काही आर्किटेक्ट म्हणतात, ग्राहकाला तरी क्रेडिट मिळतंच की, मग बिघडलं कुठे? बहुतेक वेळा मिळत नाही. डॉक्टरांची सेवा जीएसटीमुक्त असल्याने त्यांना काहीच वळतं करता येत नव्हतं. ग्राहक नोंदणीकृत कारखानदार असला, तरी स्वतःसाठी इमारत बांधताना घेतलेल्या सेवांचं क्रेडिट कलम १७(५) अडवतं आणि आर्किटेक्टची फी त्यातच येते. म्हणजे बिलात चुकून चढलेला प्रत्येक रुपया बांधणाऱ्याच्या खिशातून जातो.

वकिलांच्या बिलात चित्र थोडं वेगळं आहे. वैयक्तिक वकील किंवा वकिलांची फर्म व्यावसायिक संस्थेला सेवा देते, तेव्हा कर रिव्हर्स चार्जने ग्राहक भरतो. वकिलाने बिलात १८ टक्के जोडायचेच नसतात. कोर्ट फीचा स्टॅम्प मात्र तिथेही पक्षकाराचा खर्च म्हणून वेगळा दाखवावा, नाहीतर ग्राहकाचा अकाउंटंट त्यावरही रिव्हर्स चार्ज भरून बसतो.

आता टीडीएस. व्यावसायिक फीवर १० टक्के कापायचे असतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर करावर कापायचे नाहीत. डॉक्टरांच्या सीएंनी पूर्ण ४,१८,८२० वर ४१,८८२ कापायची तयारी केली होती आणि त्यांना दोष देता येत नाही. आयकर खात्याच्या १९९५ च्या परिपत्रक ७१५ मध्ये म्हटलं आहे की बिलातली खर्चाची भरपाई टीडीएससाठी वजा करता येणार नाही. एकाच बेरजेत सगळं घातलं की कापणारा हात आखडता घेत नाही. आर्किटेक्टचं नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. त्याच्या 26AS मध्ये शासनाला भरलेलं शुल्कही त्याची मिळकत म्हणून दिसतं. जमेच्या निम्मं उत्पन्न धरून कर भरण्याच्या योजनेत तो असेल आणि जमेचा आकडा 26AS वरून उचलला, तर मंजुरी शुल्क आणि माती परीक्षण मिळून होणाऱ्या १,०८,१०० मधले ५४,०५० रुपये त्याचं उत्पन्न ठरतात. त्यातलं त्याच्या घरी काहीच आलेलं नसतं.

यात एक अडचण आहे. नियम ३३ म्हणतो, हे पैसे इनव्हॉइसमध्ये वेगळे दाखवा. टीडीएससाठी ते त्या बेरजेच्या बाहेर असलेले बरे. मी काढलेली वाट अशी: टॅक्स इनव्हॉइसची बेरीज फी, प्रिंट, टॅक्सी आणि त्यांवरचा कर एवढ्यावर पुरी करायची. बेरजेखाली एक ओळ, “प्युअर एजंट म्हणून भरलेली रक्कम रु. १,०८,१००, या बेरजेत नाही, वसुली पत्रक क्रमांक अमुकनुसार”. मग त्या क्रमांकाचं वेगळं पत्रक, त्याला मालकाच्या नावाची पावती आणि बिल जोडलेलं. पुस्तकात ही रक्कम खर्चाच्या खात्यात टाकायची नाही, ग्राहकाकडून येणं म्हणून ठेवायची. नफातोट्यात ती शिरली की पत्रक कितीही चांगलं असो, तपासणीत आपलीच वही आपल्याविरुद्ध बोलते.

डॉक्टरांचं बिल पुन्हा बनवलं. नशिबाने प्रयोगशाळेने आपलं बिल रद्द करून त्यांच्या नावे नवीन दिलं आणि आम्ही घेतलेलं क्रेडिट उलटवलं. शुल्काची पावती त्यांच्याच नावाची होती आणि ते भरण्याआधीचा त्यांचा लेखी होकारही सरांच्या ईमेलमध्ये सापडला. फी ३,००,०००, प्रिंट ४,०००, टॅक्सी ६,०००, मिळून ३,१०,०००. त्यावर जीएसटी ५५,८००. इनव्हॉइस ३,६५,८०० चं. वेगळ्या पत्रकावर १,०८,१००. एकूण ४,७३,९००, म्हणजे आधीपेक्षा २०,३०७ रुपये ६० पैसे कमी. टीडीएस ३,१०,००० वर ३१,०००.

आधीचं बिल GSTR-1 मध्ये गेलेलं होतं, म्हणून ते फाडून नवीन लिहिणं शक्य नव्हतं. त्यावर क्रेडिट नोट काढली आणि त्या महिन्याच्या विवरणात दाखवली. क्रेडिट नोटला मुदत असते: ज्या आर्थिक वर्षातलं बिल, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. डॉक्टरांनी बिल हाती पडल्यावर आठवड्यात फोन केला म्हणून हे जमलं. जुनी बिलं चाळताना दोन वर्षांपूर्वीच्या एका बंगल्याच्या बिलातही असाच जादा कर दिसला. त्याची मुदत उलटून गेली होती. तो कर शासनाकडून परत यायचा नव्हता, आणि सरांनी बंगल्याच्या मालकांना ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली.