बारकोडशिवाय लिस्टिंग टाकायला बसलात तर आधी हे बघा

फोटो, एमआरपी, फूड लायसन्स वगैरे तुम्ही करालच. मी सांगतोय ते बारकोडचं, आणि त्यातही एकच: तो आकडा कोणाच्या नावावर नोंदलाय ते बघा. मागच्या वेळी मी नेमकं हेच बघितलं नव्हतं.

ॲमेझॉनसारख्या मार्केटप्लेसला कोड हवा असतो कारण एका वस्तूचं एकच पान ठेवायचं असतं, विकणारे दहा असले तरी. कोड नसेल तर बहुतेक कॅटेगरीत लिस्टिंग तयारच होत नाही. दुसऱ्याचा कोड टाकला तर त्याहून वाईट, तुमचा कांदा-लसूण मसाला कुणाच्या तरी मोबाईल कव्हरच्या पानाला चिकटतो, नाहीतर काही दिवस चालून लिस्टिंग बंद पडतं आणि माल मार्केटप्लेसच्या गोडाऊनमध्ये अडकतो.

म्हणूनच स्वस्तात मिळणारे सुटे कोड घेऊ नका. विकणारा म्हणतो "स्कॅन होतो की!" होणारच. 8901234567890 हा नमुना घ्या, पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की १३० येते, पुढची दहाची पट गाठायला काहीच लागत नाही म्हणून शेवटचा आकडा ०. हे गणित जुळलं म्हणजे आकडा टाईप करताना चुकला नाही एवढंच कळतं, मालक कोण ते नाही. मालक बारकोडचे आकडे देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या नोंदीत असतो आणि मार्केटप्लेस तीच नोंद तपासतं. जीएस१ च्या साईटवर 'Verified by GS1' मध्ये आकडा टाका, कंपनीचं नाव दिसतं. तिथे तुमचं नाव नसेल तर पुढे जाऊच नका. सुरुवातीचे ८९० बघूनही खूश होऊ नका, नंबर जीएस१ इंडियाने दिलाय एवढाच त्याचा अर्थ.

नोंदीतलं ब्रँडनाव, पाकिटावरचं आणि लिस्टिंगमधलं, तिन्ही एकच हवं. 'मसाले' आणि 'मसाला' एवढा फरकसुद्धा नको, परत सांगतोय, नाव बघा.

१०० ग्रॅम, २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम म्हणजे तीन कोड, आणि २५० च्या दोन पाकिटांचा कॉम्बो विकणार असाल तर चौथा.

एक्सेलमध्ये कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर 8.90123E+12 होतं, आणि तीच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मागचे आकडे शून्य होऊन बसतात.

कोड घ्यायचाच नसेल तर ॲमेझॉनवर जीटीआयएन एक्झेम्प्शन, म्हणजे बारकोडच्या आकड्यातून सूट, मागता येतं, ब्रँड आणि कॅटेगरीनिहाय. पाकिटाचे सगळ्या बाजूंचे फोटो लागतात, त्यावर ब्रँड छापलेला हवा, बारकोड नको. अर्जात जे स्पेलिंग तेच लिस्टिंगमध्ये. म्हणजे इथेही नावच.

बाकी छपाई. काळ्या रेघा, पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कडांना मोकळी जागा, घडीवर नको. आणि हजार पाकिटं छापायला टाकायच्या आधी तो आकडा परत एकदा साईटवर टाकून नाव बघा.