आधी स्नायू मोजा, मग थांबून बघा

पाच आठवड्यांचं बाळ, दूध पाजलं की जोरात लांबवर उलटी, उलटीत पित्त नाही. सोनोग्राफीचा प्रोब पित्ताशयापाशी न्या, पायलोरस, म्हणजे जठरातून आतड्यात जाणारी वाट, शेजारीच सापडतो. एका बाजूचा काळा स्नायूच मोजा, आतलं पांढरट अस्तर धरू नका. 3 मिमी किंवा जास्त जाडी म्हणजे पायलोरिक स्टेनोसिसची, स्नायू जाडावून ही वाट अरुंद झाल्याची, दाट शंका. पण छेद तिरका गेला किंवा पायलोरस नुसता आकसलेला असला, तरी स्नायू जाड भासतो. म्हणून बाळाला उजव्या कुशीवर घेऊन पाच-दहा मिनिटं बघत राहा. वाट उघडून दूध पुढे सरकलं, तर तो आकसच होता.

आडव्या छेदात जाड पायलोरसही टार्गेटसारखा, एकात एक वर्तुळांचा दिसतो! इंटससेप्शनचं, म्हणजे आतड्यात आतडं शिरल्याचं, टार्गेट मात्र मोठं, साधारण 3 सेंमी, बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला, आणि सहसा तीन महिन्यांपुढच्या बाळात.