मराठीत ‘करावे’ आले की इंग्रजीत ‘एस’ गाळा

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत इंग्रजी पत्रे लिहायचे काम माझ्याकडे आहे. मागच्या सभेचा ठराव असा होता: ‘ठेकेदाराने टाकी 15 मेपूर्वी दुरुस्त करावी आणि तोपर्यंत त्याचे बिल अदा करू नये, असे समितीने सुचवले.’

आधी मराठी वाक्यातले क्रियापद बघा. ‘करावी’, ‘जावे’, ‘करू नये’ हा आपला विध्यर्थ. तो दिसला की इंग्रजीत ‘दॅट’ लिहा, मग कर्ता आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप: ‘द कमिटी सजेस्टेड दॅट द कॉन्ट्रॅक्टर रिपेअर द टँक’. ‘रिपेअर्स’ नाही आणि मागे ‘सजेस्टेड’ असले तरी ‘रिपेअर्ड’ही नाही. ‘त्याला करायला सुचवले’ हे डोक्यात घोळत असल्यामुळे आपल्या हातून हमखास ‘सजेस्टेड हिम टू रिपेअर’ उतरते. ते चूकच.

नकार असेल तर ‘डझ नॉट’ला थारा नाही, नुसता ‘नॉट’ क्रियापदाआधी बसतो. ‘बिल अदा करू नये’मध्ये कर्मणी रचना हवी, म्हणून ‘इज’च्या जागी ‘बी’ येते: ‘अँड दॅट हिज बिल नॉट बी पेड अंटिल देन’. रेकमेंड, डिमांड, रिक्वेस्ट यांनाही हेच लागू. मूळ रूप कानाला खटकत असेल तर ‘शुड रिपेअर’ लिहा, ब्रिटिश वळणात ते सर्रास चालते.

पण ‘सजेस्ट’ दिसले की डोळे मिटून ‘एस’ खोडू नका. ‘भिंतीवरच्या ओलीवरून टाकी गळते असे दिसते’ यात कुणी काही करावे असे म्हटलेलेच नाही, म्हणून ‘द डॅम्प वॉल सजेस्ट्स दॅट द टँक लीक्स’ बरोबर. ‘इन्सिस्ट’ तर आणखी फसवे. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी पे’ म्हणजे तिने पैसे भरावेत असा त्याचा हट्ट. ‘पे’ला ‘एस’ लावून ‘शी पेज’ म्हटले की ती पैसे भरतेच, असा त्याचा दावा. एका ‘एस’वरून भांडण व्हायचे!

‘इफ’नंतर ‘वॉज’ की ‘वेअर’, याचा निवाडाही मराठीच करते. ‘मी अध्यक्ष असतो तर आज सही केली असती’. मी अध्यक्ष नाही, हे ‘असतो तर’ सांगून टाकते, म्हणून ‘इफ आय वेअर द चेअरमन, आय वुड साइन टुडे’. बोलताना ‘वॉज’ खपते, पत्रात ‘वेअर’ बरे. ‘तो काल सभेत असेल तर त्याने सही केली असणार’ इथे मात्र तो होता की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. तिथे ‘इफ ही वॉज’. आणि ‘काल मी सभेत असतो तर’ असे उलटून गेलेल्या वेळेबद्दल म्हणायचे असेल, तर ‘वेअर’ नव्हे, ‘हॅड बीन’.