माद्रिदला खोलीसाठी फोन करण्याआधी

सप्टेंबरात माद्रिदला शिकायला जाणारा मुलगा किंवा मुलगी पहिलं खरं स्पॅनिश बोलते ती बहुतेक घरमालकिणीशी. त्या संभाषणात तुमच्या वाट्याला जवळजवळ सगळे प्रश्नच येतात. वर्गात क्रियापदांची रूपं घोटून पाठ झालेली असतात, पण खोली रिकामी आहे का हे विचारायची वेळ आली की वाक्य सरळ विधानासारखं बाहेर पडतं आणि पलीकडून नुसती शांतता ऐकू येते. माझ्या पहिल्या फोनला हेच झालं. पुढची तयारी मी त्यानंतर वहीत लिहून काढली आणि आता जाणाऱ्यांना तशीच देते. फोन करण्याआधी दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा.

पहिल्या संध्याकाळी स्पॅनिशला हात लावू नका. वहीत मराठीतच प्रश्न लिहा: खोली अजून रिकामी आहे का? भाडं किती? वीज-पाणी त्यातच धरलंय का? घरात किती जण राहतात? कधीपासून मिळेल? पत्ता काय? बघायला किती वाजता येऊ? त्या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का? शेवटचा प्रश्न विसरू नका. स्पेनमध्ये नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालावं लागतं, त्याला एम्पाद्रोनार म्हणतात. काही मालक ते करू देत नाहीत, म्हणून खोली ठरवण्याआधीच विचारून घ्यायचं.

मग या प्रश्नांचे दोन गठ्ठे करा. ज्यांच्या शेवटी ‘का’ आहे ते एकीकडे. ज्यांच्यात किती, कधी, काय, कुठे आहे ते दुसरीकडे. स्पॅनिशमध्ये हे दोन गठ्ठे वेगळ्या तऱ्हेने बांधले जातात आणि त्यांचा सूरही वेगळा लागतो.

आधी दुसरा गठ्ठा घ्या. मराठीत ‘खोलीचं भाडं किती आहे’ म्हणताना ‘किती’ क्रियापदाच्या जवळ, वाक्याच्या मागच्या बाजूला बसतो. स्पॅनिशमध्ये तो उचलून सगळ्यात पुढे न्यायचा, त्याच्या मागोमाग क्रियापद आणि मग बाकीचं: क्वान्तो एस एल अल्किलेर? शब्दशः ‘किती आहे भाडं?’ मध्ये काहीही घुसवायचं नाही. शाळेत इंग्रजी शिकलेल्या आपल्या सवयीने मदतीचं क्रियापद शोधू नका. इथे ते लागतच नाही. एका गोष्टीत तर मराठी माणसाला सोपं जातं. ‘कधीपासून’, ‘कोणाबरोबर’, ‘कुठून’ हे आपण एकसंध बोलतो. स्पॅनिशमध्ये फक्त प्रत्ययाचा अर्थ आधी येतो, पण जोडी फुटत नाही: देस्दे क्वान्दो, कोन किएन, दे दोन्दे. ती अख्खी जोडी उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवली की झालं. देस्दे क्वान्दो एस्ता लीब्रे? कधीपासून रिकामी आहे?

या गठ्ठ्यात तीन जागी मराठी दगा देते, तिथे लाल पेनाने खूण करा. ‘किती’ आपल्याकडे कधी बदलत नाही, पण स्पॅनिशमध्ये तो मोजल्या जाणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतो. पेर्सोनास स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे, म्हणून क्वान्तास पेर्सोनास बीबेन एन एल पीसो? (पीसो म्हणजे स्पेनमधला फ्लॅट.) ‘किती वाजता’मध्ये मात्र ‘किती’चा शब्द चालत नाही, तिथे आ के ओरा, म्हणजे ‘कोणत्या तासाला’. तिसरी जागा सर्वांत फसवी. ‘पत्ता काय आहे?’ याचं सरळ भाषांतर के एस ला दिरेक्थ्योन केलंत, तर तुम्ही विचारता आहात की पत्ता म्हणजे काय असतो. अनेक शक्यतांतली एक हवी असेल तर क्वाल: क्वाल एस ला दिरेक्थ्योन? स्वतःला एवढंच विचारा, मला व्याख्या हवी आहे की माहिती? व्याख्या हवी असेल तर के एस, माहिती हवी असेल तर क्वाल एस. नावाला मात्र या दोन्हींपैकी काहीच नाही. तिथे कोमो से यामा, म्हणजे ‘तुम्हाला कसं म्हणतात’.

बघायला येण्याच्या प्रश्नाजवळ आणखी थोडं थांबा. आपण फोनवर सहज म्हणतो, ‘किती वाजता येऊ?’, कारण समोरचा माणूस जिथे आहे तिकडे जाण्यालाही मराठीत ‘येणं’ म्हणतात. स्पॅनिशमधलं ‘येणं’ बोलणाऱ्याकडेच असतं. तुम्ही तिच्याकडे निघालात तर ते ‘जाणं’च: आ के ओरा पुएदो ईर आ बेर्ला? किती वाजता बघायला जाऊ शकते? हे व्याकरणाच्या पुस्तकात प्रश्नांच्या धड्याखाली सापडत नाही, पण रोजच्या बोलण्यात सतत लागतं.

आता ‘का’चा गठ्ठा. स्पॅनिशमध्ये ‘का’ नाही. त्याच्या जागी बसवायला शब्दच नाही, आणि शब्दांचा क्रमही बदलायलाच हवा असं नाही. ला आबिताथ्योन एस्ता लीब्रे हे चार शब्द ‘खोली रिकामी आहे’ असंही सांगतात आणि ‘खोली रिकामी आहे का?’ असंही विचारतात. क्रियापद आधी आणता येतं (एस्तान इन्क्लुईदोस लोस गास्तोस? म्हणजे खर्च धरलेत का?), आणि ते नैसर्गिकही वाटतं. तरी प्रश्न ठरतो तो आवाजावर. म्हणून दुसरी संध्याकाळ सगळी आवाजाला द्या.

सुरुवात मराठीपासूनच करा. ‘येतोस का?’ मोठ्याने म्हणा. मग ‘का’ गाळून नुसतं ‘येतोस?’ म्हणा. दुसऱ्या वेळी शेवटी आवाज आपोआप वर गेला, कारण ‘का’चं काम आता त्याच्या अंगावर आलं. माद्रिदच्या बोलीत नेमकं हेच हवं. लीब्रे या शब्दात आघात ‘ली’वर आहे. तिथपर्यंत आवाज खाली येऊ द्या, ‘ली’वर तळ गाठा आणि ‘ब्रे’वर वर चढा. विधानात ‘ब्रे’ खालीच विरतो. दहा वेळा फोनवर रेकॉर्ड करा, पाच विधानं आणि पाच प्रश्न मिसळून, आणि घरातल्या स्पॅनिश न येणाऱ्या माणसाला ऐकवा. माझ्या आईने पहिल्या खेपेला पाचांतले दोनच प्रश्न ओळखले. चौथ्या खेपेला पाचही. स्पॅनिश येणाऱ्याला ऐकवू नका, तो अर्थावरून अंदाज बांधतो आणि तुमचा आवाज तपासला जात नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रश्नांना हा चढ लावू नका. तिथे क्वान्तो, क्वाल, देस्दे क्वान्दो हे शब्द आधीच सांगून टाकतात की हा प्रश्न आहे. आवाज प्रश्नशब्दावर उंच सुरू होतो आणि शेवटाला खाली येतो. प्रश्न म्हणजे चढ असं एकदा डोक्यात बसलं की आपण सगळीकडेच चढवत जातो. सौम्य चढ नम्रपणाचा वाटतो, त्यात बिघडत काही नाही. पण ‘क्वान्तो’वरच आवाज जोरात उसळला तर तिने आधी सांगितलेला आकडा तुम्हाला ऐकू आला नाही, किंवा पटला नाही, असं वाटतं. ही माहिती माद्रिदपुरती धरा. पोर्तो रिको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक इथले लोक हो-नाहीचा प्रश्नही आवाज खाली आणून विचारतात, आणि ‘तुला काय हवंय’ला के तू किएरेस म्हणतात, म्हणजे ‘तू’ क्रियापदाच्या आधी येतो. माद्रिदमध्ये तिथले लोक खूप भेटतात. ऐकून गोंधळू नका, पण स्वतःची तयारी एकाच सुराची ठेवा.

फोनच्या आधी बहुतेक वेळा निरोप टाइप करून पाठवावा लागतो. त्यासाठी फोनच्या कीबोर्डमध्ये स्पॅनिश भाषा जोडून घ्या. प्रश्नचिन्हाची कळ दाबून धरली की उलटं चिन्ह येतं, आणि स्वर दाबून धरला की त्यावरची तिरपी रेघ. हे उलटं चिन्ह स्पॅनिश अकादमीने 1754च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात आणलं, आणि त्यामागचं कारण आपल्या ‘का’च्या गठ्ठ्यातच आहे. शब्दांवरून कळत नसेल की हा प्रश्न आहे, तर लांब वाक्य मोठ्याने वाचणाऱ्याला शेवटाला पोचेपर्यंत सूर कसा लावायचा ते समजत नाही. म्हणून हे चिन्ह वाक्याच्या नव्हे, प्रश्नाच्या सुरुवातीला येतं. माझा निरोप असा होता:

```
Hola, buenas tardes.
Soy estudiante y llego a Madrid el 3 de septiembre.
¿Sigue libre la habitación?
Si está libre, ¿cuándo puedo ir a verla?
También quería saber cuánto es el alquiler.
```

चौथ्या ओळीत ‘रिकामी असेल तर’ हा भाग प्रश्नात येत नाही, म्हणून चिन्ह स्वल्पविरामानंतर, आणि त्यापुढचं अक्षर लहान लिपीतलं. चिन्ह आणि अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही, आणि बंद करणाऱ्या प्रश्नचिन्हापुढे पूर्णविराम द्यायचा नाही. पाचवी ओळ नीट बघा. ‘भाडं किती तेही विचारायचं होतं’ हे विधान आहे, म्हणून प्रश्नचिन्ह नाही. पण `cuánto` वरची रेघ मात्र राहिली, कारण आतला शब्द अजून प्रश्नच विचारतो आहे. चौथ्या ओळीतल्या `si` वर रेघ नाही. ती दिलीत तर ‘जर’चा ‘हो’ होईल. मित्रमैत्रिणींत स्पेनचे लोक उलटं चिन्ह सर्रास गाळतात, तुम्हीही पुढे गाळाल. अनोळखी मालकिणीला पाठवलेल्या पहिल्या निरोपात गाळू नका.

उरते तिच्या बाजूची तयारी. फोन उचलताना ती दीगा? किंवा सी? म्हणेल. हा प्रश्न नव्हे, आपलं ‘हॅलो’ आहे, लगेच बोलायला लागा. दे पार्ते दे किएन? म्हणजे कोण बोलतंय. तिथे नाव सांगा. त्राबाहास ओ एस्तूदियास? यात पहिल्या अर्ध्यावर चढ आणि दुसऱ्यावर उतार असतो, अगदी ‘नोकरी की शिक्षण?’सारखा, दोनांतलं एक निवडायचं, हो म्हणून भागत नाही. ऐकू आलं नाही तर के? म्हणू नका, ते ‘काय?’ इतकंच तुटक लागतं. कोमो? म्हणा, किंवा पुएदे रेपेतीर, पोर फाबोर? वयस्क बाईंशी हे ‘तुम्ही’चं रूप बरोबर. ती तुम्हाला ‘तू’ म्हणायला लागली आणि वयाने तुमच्या जवळची वाटली, की तुम्हीही ‘तू’वर या.

पत्ता मिळाला की तो तिला वाचून दाखवा आणि शेवटी नो जोडा. हा नो म्हणजे आपला ‘ना’: एस एल तेर्थेरो देरेचा, नो? तिसरा मजला, उजवीकडचं दार, ना? लिहिताना इथेही उलटं चिन्ह फक्त त्या `¿no?` पुरतंच. ती सी, सी म्हणाली की मजला, दार आणि वेळ वहीत लिहा, आणि मगच फोन ठेवा.