गाणं आलं, आता लिहायचं काय?

त्या दिवशी सकाळी अकराला गाणं येणार होतं आणि मी दहापासूनच मोबाईल चार्ज करून बसले होते. एका संगीतकाराचं फॅन पेज मी तेव्हा दीड वर्ष चालवत होते. त्याआधीच्या प्रत्येक गाण्याला मी आगीच्या ज्वाळा, लाल हृदयं आणि ‘नाद खुळा’ एवढंच लिहिलं होतं. त्याचा मलाच कंटाळा आला होता. मागच्या गाण्याची पोस्ट आणि त्याच्या मागच्या गाण्याची पोस्ट शेजारी ठेवली, तर कोणती कुठल्या गाण्याची हे मला स्वतःला ओळखता येईना. म्हणून या वेळी ठरवलं, गाण्यातली एखादी नेमकी गोष्ट लिहायची.

गाणं आलं. जत्रेचा प्रसंग, मागं डोंगर, पुढं पाचसहा हलगीवाले. मी चौथ्या मिनिटाला पोस्ट टाकली: ‘हलगी काय कडाडलीय! आपल्या मातीचा आवाज!’ तोवर कधी मिळाल्या नव्हत्या एवढ्या लाइक तासाभरात मिळाल्या. मी खूष.

संध्याकाळी आमच्या पेठेतले एक काका भेटले. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, कोल्हापूरच्या खासबाग मैदानातसुद्धा वाजवलीय. पुतण्यानं त्यांना माझी पोस्ट दाखवली होती. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘‘पोरी, हलगी कुठं हाय त्यात? दिसतीया हलगी. वाजतीया ढोलकी.’’

मला इतकं वाईट वाटलं की रात्री पोस्ट काढून टाकावी असं दहा वेळा मनात आलं.

नवीन पेज चालवणाऱ्यांसाठी हे सगळं लिहितेय ते या एका खड्ड्यासाठी. नुसती इमोजी पोकळ वाटतात हे तुम्हाला कळलेलं असतं, म्हणून तुम्ही तपशील शोधायला जाता. आणि पहिला तपशील सापडतो तो डोळ्यांना. पण गाण्याच्या व्हिडिओत दिसतं ते चित्रीकरण असतं. आवाज त्याआधी स्टुडिओत रेकॉर्ड झालेला असतो आणि शूटिंगच्या दिवशी तोच स्पीकरवर लावून त्यावर कलाकार हात हलवतात. पडद्यावर हलगी धरलेली माणसं दिग्दर्शकाला जत्रेसाठी हवी असतात. ताल कोणत्या वाद्यावर बांधायचा हे संगीतकार आणि ताल-संयोजन करणाऱ्यांनी कधीच ठरवलेलं असतं. दोन्ही जुळेलच असं नाही. सनई दिसते तिथं कीबोर्डवरचा सनईचा सूर असू शकतो, आणि वाद्य अजिबात न दिसणाऱ्या प्रसंगात खरी सनई वाजलेली असू शकते.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. त्यांनी कागद पेटवून त्यावर हलगी फिरवली, कातडं तापून ताणलं जाईपर्यंत. मधून मधून बोटानं टिचकी मारून बघत होते. मग डाव्या हातात बारीक काडी, उजव्या हातात आखूड जाड टिपरू. नुसतं टिपरू मारलं तेव्हा आवाज कोरडा, टणक आला आणि लगेच तुटला. मग काडी सुरू झाली आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा ‘तर्रर्र’ करून भरून गेली. ‘‘ह्यात घूम हाय का?’’ त्यांनी विचारलं. नव्हती. ‘‘घूम पाहिजे म्हणून तर शेजारी घुमकं लागतंय.’’

ढोलकीचं वेगळं असतं. ती हातानं वाजते, काठीनं नाही. उजव्या बाजूला बोटांची उंच टणक ‘टक्’ असते, पण डाव्या बाजूवर तळवा दाबून घासला की ठोका पडल्यानंतर सूर वर सरकतो, कुणी ‘धुंऽम्’ म्हणताना आवाज चढवावा तसा. हलगीचा सूर असा सरकत नाही. ढोलकी ओळखायची माझ्याकडं आजही हीच एक खात्रीची खूण आहे. संबळ मात्र नवख्याला फसवतो, कारण तोही काठ्यांनी वाजतो. पण संबळात दोन भांडी असतात, एक उंच आवाजाचं आणि एक खर्जाचं, त्यामुळं काठीचा कडकपणा आणि खालची घूम एकत्र ऐकू येते. शाहिराचा डफ बोटांनी वाजतो, म्हणून त्याचा ठोका हलगीपेक्षा मऊ असतो.

एवढी चार वाद्यं ओळखता आली की बाकीची हळूहळू येतात. घाई करू नका. मला एका हलगीला दोन महिने लागले.

आता मी गाणं आलं की आधी मोबाईल पालथा ठेवते आणि हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐकते. चित्र बघायचं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना वहीत फक्त वेळ लिहिते, ‘इथं काहीतरी झालं’ एवढंच. तिसऱ्यांदा त्यातली एकच जागा निवडते आणि यूट्यूबवर वेग ०.५ करून तेवढे दहापंधरा सेकंद परत परत ऐकते. वेग कमी केला तरी सुराची उंची तीच राहते, त्यामुळं सरकणारा ठोका स्वच्छ कळतो. आवाज मात्र थोडा खरबरीत होतो. त्या खरबरीतपणालाच वाद्याचा गुण समजू नका, शेवटी एकदा मूळ वेगात ऐकून खात्री करा.

गेल्या वर्षीचं एक गाणं सांगते. सगळी पेजं नाचाच्या स्टेपवर लिहीत होती. माझ्या वहीत तीन जागांच्या वेळा लिहिलेल्या होत्या आणि त्यातली २:४१ मला सोडवेना. तिथं दुसरा अंतरा संपतो आणि सगळा ताल एकदम थांबतो. अकरा सेकंद गायिकेचा आवाज आणि खाली एकच तार छेडल्यासारखं ‘तुण तुण’, बाकी काही नाही. मग ढोलकी परत येते, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नाही, थोडी आधीच येते. माझ्या अंगावर काटा का येत होता ते तेव्हा कळलं. माझा कान समेची वाट बघत असायचा आणि ढोलकी त्याच्या आधीच आत शिरायची.

मी लिहिलं: ‘२:४१ ला डोळे मिटून ऐका. सगळा ताल थांबतो, तिच्या आवाजाखाली फक्त तुणतुण्यासारखा आवाज उरतो. आणि ढोलकी परत येते ती समेच्या आधीच.’ खाली गीतकार, गायिका आणि ताल-संयोजकाचं नाव. इमोजी एकही नाही.

‘तुणतुण्यासारखा आवाज’ असं लिहिलं, ‘तुणतुणं’ नाही, हे बघा. खरं तुणतुणं वाजलंय की रेकॉर्ड करून ठेवलेला तुकडा लावलाय हे कानाला सांगता येत नव्हतं, आणि व्हिडिओखालच्या श्रेयनामावलीत वादकाचं नाव नव्हतं. ऐकू आलं तेवढंच म्हणायचं. प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा वाटला तर तो तुकडा असण्याची शक्यता जास्त, पण त्यावरूनही छातीठोक लिहू नका.

ही पोस्ट मी गाणं आल्यावर पन्नास मिनिटांनी टाकली. सुरुवातीला मला मार्गदर्शन करणाऱ्या एकानं शिकवलं होतं की पहिल्या पाच मिनिटांत टाकली नाही तर पोस्ट मेली. मी ते दीड वर्ष मानलं आणि त्यापायीच हलगीची चूक केली. माझं स्पष्ट मत आहे, पाच मिनिटांत चार मिनिटांचं गाणं एकदाच ऐकून होतं, त्यात नेमकं काही सापडत नाही. तयार कॅप्शनचे साचे वाटणाऱ्यांपासूनही लांब राहा. साच्यात गाण्याचं नाव बदलून चालतं, याचा अर्थच तो कुठल्याच गाण्याचा नसतो. लाइक त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी आल्या, हेही सांगून टाकते. पण लोक २:४१ ला जाऊन परत आले आणि ढोलकी अर्धी मात्रा आधी येते की पाव, यावर दोन दिवस बोलत होते.

तपशील कानानं मिळवलेला नसला तर खरा असूनही पोकळ राहतो, हे मला उशिरा कळलं. २०१६ च्या ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्ड झालं. बातमी खरी आणि मोठी होती, म्हणून ती सगळ्यांनी लिहिली. पण ती लिहायला गाणं ऐकायची गरज नव्हती. त्यापेक्षा व्हायोलिनचा ताफा गायकाच्या ओळीखाली कुठं येतो आणि कुठं बाजूला होतो, हे एका जागेपुरतं लिहिलं असतं तर वाचणारा परत गाण्याकडं गेला असता.

नावांचं मात्र कधीच टाळू नका. जगदीश खेबुडकर कोल्हापुरात राहिले, इथंच शिक्षकी केली, १९७२ च्या ‘पिंजरा’ची गाणी त्यांनी लिहिली. तरी त्या गाण्यांवरच्या कितीतरी पोस्टमध्ये त्यांचं नाव नसतं. या गावात राहून मला ते बघवत नाही. नावं अधिकृत व्हिडिओच्या खालच्या माहितीतून घ्या, दुसऱ्या पेजवरून उचलू नका, कारण तिथली चूक तुमच्या नावावर चढते.

चित्रपटाच्या बाबतीत एकच कडक सूचना. पहिल्या दिवसाचा पहिला शो बघताना पडद्यावरचे दहा सेकंदसुद्धा मोबाईलवर घेऊ नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात थिएटरमध्ये परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करायला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. प्रेमापोटी केलं म्हणून सुटका होत नाही. तपशील शब्दांत लिहा, आणि मध्यंतराच्या आधीचा निवडा.

चूक झालीच तर पोस्ट काढू नका. मी त्या रात्री काढली नाही, याचं आज बरं वाटतं. वरती ‘दुरुस्ती’ असा शब्द टाकून लिहिलं, की दिसते ती हलगी आहे पण ऐकू येते ती ढोलकी, आणि हे एका हलगीवादकानं दाखवून दिलं. त्या दुरुस्तीखाली जेवढे लोक बोलायला आले तेवढे मूळ पोस्टखाली आले नव्हते. तीनचार जण वादक होते.

आता शंका आली की त्या जागेची वेळ लिहून मी काकांना गाण्याची लिंक पाठवते. ते टाइप करत नाहीत, आवाज पाठवतात. परवाच्या गाण्याचं १:१८ पाठवलं होतं. रात्री उत्तर आलं, मागं टीव्ही चालू होता, ‘‘हलगीच हाय ही. पण एक न्हवं, दोन हायत. दुसरी जरा ढिली हाय, तापवली न्हाई नीट. परत ऐक.’’

परत ऐकते आहे. दुसरी अजून ऐकू येत नाही, त्यामुळं पोस्ट थांबलीय.